पेशींचा दोष आणि पाणथरीचा न्याय

पावसाळ्याच्या तोंडाशी पुण्यात एखाद्या घरी कावीळ निघाली म्हणजे वडीलधाऱ्या मंडळींचा पहिला संशय पाण्यावर जातो, आणि तो बहुधा खराही ठरतो. कारण दूषित पाण्यातून पसरणाऱ्या यकृतदाहाच्या साथी या शहराने पाहिल्या आहेत, आणि त्या रोगाच्या विषाणूंचा पद्धतशीर अभ्यासही येथील राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत दीर्घकाळ झालेला आहे. पाणी उकळावे, तेलतूप वर्ज्य करावे, रुग्णाला विश्रांती द्यावी, आणि शेजारणीच्या आग्रहाखातर गळ्यात काविळीची माळही घालावी, असा उपचारांचा क्रम मग आपोआप सुरू होतो, आणि पाण्यातून आलेली कावीळ काही आठवड्यांत आपल्याच गतीने ओसरत असल्यामुळे त्या क्रमातील प्रत्येक गोष्टीला यशाचा थोडाथोडा वाटा मिळून जातो. परंतु काही घरांत असे एखादे मूल असते की ज्याची कावीळ ओसरते आणि पुन्हा उगवते, ज्याच्या डोळ्यांतील पिवळी झाक कधीच पुरती जात नाही, आणि ज्याच्या यकृताची तपासणी दर वेळी निर्दोष येते. अशा काविळीचे मूळ पाण्यात नसते आणि यकृतातही नसते. ते रक्तातील तांबड्या पेशींच्या आवरणात असते, आणि तिची अंमलबजावणी पोटाच्या डाव्या बाजूला, बरगड्यांच्या आड, पाणथरीत म्हणजेच प्लीहेत होत असते. या विकाराला आनुवंशिक गोलपेशिता किंवा वैद्यांच्या नेहमीच्या बोलण्यात ‘स्फेरोसायटोसिस’ असे म्हणतात, आणि त्याचे यथार्थ आकलन होण्यासाठी प्रस्तुत प्रकरणात आपण एका मुलीची कैफियत सुरुवातीपासून शेवटपर्यंत तपासणार आहोत. ही मुलगी कोणी एक विशिष्ट व्यक्ती नव्हे; या विकाराच्या मध्यम तीव्रतेच्या रुग्णांत जे नेहमी आढळते ते एकत्र करून तिचा नमुना येथे सिद्ध केला आहे.

लघवीच्या रंगाचा दाखला

कसबा पेठेतील एका कुटुंबातील ही मुलगी ९ वर्षांची आहे. जन्मानंतर दुसऱ्याच दिवशी ती पिवळी पडली म्हणून तिला काही दिवस निळ्या दिव्याखाली ठेवावे लागले होते. पुढे पाचव्या आणि सातव्या वर्षी तिला ‘कावीळ झाली’ आणि दोन्ही वेळा पथ्यपाणी झाले. आता ती तिसऱ्यांदा पिवळी दिसते, जिना चढताना तिला धाप लागते, आणि जेवणानंतर कधीकधी उजव्या बरगडीखाली कळ येते. डॉक्टर तिच्या आईला पहिला प्रश्न विचारतात तो लघवीच्या रंगाचा, आणि आई सांगते, “नाही हो डॉक्टर, लघवी तर नेहमीसारखीच होते. मागच्या वेळी तिच्या आत्यालाही कावीळ झाली होती, तेव्हा वन्संची लघवी मात्र अगदी गर्द पिवळी झाली होती.”

या एका उत्तराने निदानाची दिशा फिरते. तांबडी पेशी मोडली म्हणजे तिच्यातील हिमोग्लोबिनापासून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. हे द्रव्य मूळ रूपात पाण्यात विरघळत नाही. रक्तद्रवातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून ते वाहत राहते, आणि अल्ब्युमिन मूत्रपिंडाच्या गाळणीतून जात नसल्यामुळे हे बिलिरुबिनही लघवीत उतरू शकत नाही. यकृतात पोहोचल्यावर त्यावर प्रक्रिया होते, ते विद्राव्य बनते आणि पित्तावाटे आतड्यात जाते. यकृतालाच सूज आली असेल तर हे प्रक्रिया झालेले, विद्राव्य बिलिरुबिन रक्तात परत फिरते आणि लघवी गर्द होते. उलट यकृत धडधाकट असून पेशीच अतोनात मोडत असतील तर रक्तात साठते ते अविद्राव्य बिलिरुबिन, आणि डोळे पिवळे असूनही लघवीचा रंग जवळजवळ कायम राहतो. आमच्या मुलीच्या रक्तात एकूण बिलिरुबिन १०० मिलिलिटरला ३.१ मिलिग्रॅम भरले, परंतु त्यांपैकी प्रक्रिया झालेले अवघे ०.४ होते, आणि यकृतदाहात शेकड्यांनी व हजारांनी वाढणारे विकर अगदी नेमस्त होते. हिमोग्लोबिन ८.४ ग्रॅम होते. पाणथरी बरगडीखाली चार बोटे लागत होती. आणि नुकत्याच जन्मलेल्या कोवळ्या तांबड्या पेशींचे प्रमाण, जे एरवी शेकडा २ च्या वर जात नाही, ते शेकडा १० होते.

या शेवटच्या आकड्यात रोगाचा सगळा जमाखर्च सामावलेला आहे. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणजे दररोज एकशेविसाव्या हिश्श्याइतक्या पेशी निवृत्त होतात आणि तितक्याच अस्थिमज्जेतून नव्याने भरती होतात. पेशीचे आयुष्य २० दिवसांवर आले तर अस्थिमज्जेला सहापट काम करावे लागते. ती तेवढे काम करूही शकते, आणि म्हणूनच या विकाराचे कित्येक रुग्ण वर्षानुवर्षे फारशी तक्रार न करता वावरतात. परंतु खर्च सहापटीच्या पुढे गेला, किंवा एखाद्या संसर्गाने अस्थिमज्जेचे काम काही दिवस बंद पडले, की शिल्लक झपाट्याने संपते. ‘पार्व्होव्हायरस बी-१९’ हा लहान मुलांना गालांवर लाली आणणारा, एरवी निरुपद्रवी विषाणू नेमका हेच करतो: तो कोवळ्या पेशींच्या जनकपेशींवर हल्ला करतो, कोवळ्या पेशींचे प्रमाण जवळजवळ शून्यावर येते, आणि एका आठवड्यात मूल पांढरेफटक पडते. याचे लक्षण असे की, पांडुता वाढत असताना कावीळ वाढत नाही, उलट कमी होते. आणि घरात याच विकाराची दोन भावंडे असली तर दोघांवर हा प्रसंग एकाच पंधरवड्यात ओढवू शकतो.

आवरण कमी पडते म्हणजे काय

मुलीच्या रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता निरोगी पेशींमध्ये मध्यभागी जी फिकट जागा दिसावयास हवी, ती कित्येक पेशींत दिसत नाही. त्या पेशी आकाराने किंचित लहान, काठापासून काठापर्यंत सारख्याच गडद आणि चेंडूप्रमाणे गोल दिसतात. या गोलपणातच सर्व अनर्थाचे बीज असल्यामुळे तो कसा येतो हे सावकाश पाहिले पाहिजे.

निरोगी तांबडी पेशी दोन्ही बाजूंनी खोलगट, सुमारे ८ मायक्रॉन व्यासाच्या चकतीसारखी असते. तिचे आकारमान सुमारे ९० घन मायक्रॉन आणि तिच्या आवरणाचे क्षेत्रफळ सुमारे १४० चौरस मायक्रॉन असते. आता ९० घन मायक्रॉन द्रव सामावण्यासाठी जर नुसता एक गोल करावयाचा असता, तर ९७ चौरस मायक्रॉन आवरण पुरले असते. म्हणजे निसर्गाने या पेशीला गरजेपेक्षा सुमारे ४३ चौरस मायक्रॉन कातडे जास्त दिले आहे, आणि हे जास्तीचे कातडे हीच तिची सर्वांत मोठी दौलत होय. अर्धी भरलेली पखाल पाणक्याच्या पाठीवर वाटेल तशी वाकते, दाराच्या अरुंद चौकटीतून दबून आत जाते. पण तिच्या कातड्याचा एक भाग कापून टाकून उरलेली तेवढ्याच पाण्यावर शिवली, तर ती टम्म होते, वाकेनाशी होते, आणि आणखी लोटाभर पाणी घातले तर तिची शिवण उसवते. तांबड्या पेशीचेही नेमके असेच आहे.

हे कातडे कापले जाते ते कशाने? पेशीचे आवरण दोन थरांचे, स्निग्ध पदार्थांचे असते, आणि ते इतके तलम असते की आधारावाचून त्याला स्वतःचा आकार टिकवता येणार नाही. त्याच्या आतल्या अंगाला स्पेक्ट्रिन नावाच्या लांब, लवचीक प्रथिनाच्या धाग्यांची एक जाळी पसरलेली असते. ही जाळी आवरणाला ठिकठिकाणी टाचलेली असावी लागते, आणि ती टाचणी मुख्यतः अशी होते: आवरणातून आरपार गेलेले ‘बँड-३’ हे प्रथिन वरून येते, स्पेक्ट्रिन खालून असते, आणि अँकिरिन नावाचे तिसरे प्रथिन या दोघांना एकमेकांशी जखडून ठेवते, ४.२ या क्रमांकाने ओळखले जाणारे आणखी एक प्रथिन त्या सांध्याला बळकटी आणते. यांपैकी कोणतेही एक प्रथिन जनुकातील दोषामुळे कमी पडले की टाचण्या विरळ होतात, आणि जेथे खालून आधार नाही तेथे आवरणाचा बारीकसा फुगवटा बाहेर येऊन बुडबुड्याच्या रूपाने तुटून जातो. पेशीतील हिमोग्लोबिन जवळजवळ तितकेच राहते, पण कातडे थोडेथोडे झिजत जाते. स्पेक्ट्रिनच्या धाग्यांचे आपापसातील जोड सदोष असतील तर जाळी आडवी ताणली जाऊन पेशी लांबट होते आणि तो विकार निराळा. जाळी व आवरण यांमधील उभे सांधे निसटले म्हणजेच पेशी गोल होते.

सदोष जनुक अँकिरिनचा, बँड-३ चा, स्पेक्ट्रिनच्या दोन घटकांपैकी एखाद्याचा किंवा प्रथिन ४.२ चा असू शकतो, आणि म्हणून एका घराण्यातील गोलपेशिता दुसऱ्या घराण्यातील गोलपेशितेशी जनुकाच्या पातळीवर जुळेलच असे नाही. सुमारे तीन-चतुर्थांश घराण्यांत हा दोष आईबापांपैकी एकाकडूनच आला तरी पुरतो, आणि म्हणून प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. आमच्या मुलीच्या वडिलांची चौकशी केली तेव्हा कळले की वयाच्या २९ व्या वर्षी खड्यांमुळे त्यांचे पित्ताशय काढावे लागले होते. इतक्या तरुण, सडपातळ पुरुषाला खडे का व्हावेत, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नव्हता. पेशी सतत मोडत राहिल्या म्हणजे पित्तातून जाणारे बिलिरुबिन वाढते, आणि त्याचेच काळे खडे पित्ताशयात बसतात. मुलीच्या उजव्या बरगडीखालची कळही त्याच कारणाची होती, हे सोनोग्राफीत दिसून आले.

मिठाच्या पाण्याची परीक्षा

कातड्याची तूट किती आहे हे मोजण्यासाठी जी परीक्षा शतकाहून अधिक काळ वापरात आहे तिचे नाव तर्षणभंगुरता. फ्रान्समधील शोफार यांनी १९०७ साली या रुग्णांच्या पेशी सौम्य मिठाच्या पाण्यात निरोगी पेशींच्या आधी फुटतात हे दाखवून दिले, आणि तेव्हापासून तीच गोष्ट अधिकाधिक काटेकोरपणे मोजली जात आहे.

शेकडा ०.९ मिठाच्या द्रावणात तांबडी पेशी स्वस्थ राहते, कारण आतील आणि बाहेरील द्रावणाची तीव्रता सारखी असते. मीठ कमी केले की पाणी आत शिरते आणि पेशी फुगते. तिच्या ९० घन मायक्रॉनपैकी सुमारे ५४ हा भाग पाण्याच्या या आवकजावकीला दाद देणारा असतो, आणि उरलेले ३६ मुख्यतः हिमोग्लोबिनाने व्यापलेले, न बदलणारे. मीठ निम्मे केले, म्हणजे ०.४५ वर आणले, तर ५४ चे १०८ होतात आणि पेशीचे आकारमान १४४ वर जाते. आता १४० चौरस मायक्रॉनच्या आवरणात, ते पूर्ण गोल ताणले असता, सुमारे १५६ घन मायक्रॉन मावतात. म्हणून निरोगी पेशी निम्म्या मिठातही तग धरते आणि ०.४० च्या आसपास फुटते. आता जिच्या आवरणाचा पाचवा हिस्सा झिजून गेला आहे अशी पेशी घेऊ. तिच्याजवळ ११२ चौरस मायक्रॉनच कातडे उरले आहे, आणि त्यात फार तर १११ घन मायक्रॉन मावतात. मीठ ०.६५ वर आले की ५४ चे सुमारे ७५ होतात, त्यात ३६ मिळवले की बेरीज १११ होते, आणि पेशी फुटण्याच्या काठावर येते. कागदावर केलेला हा हिशेब प्रयोगशाळेतील निकालाशी किती जवळून जुळतो हे पाहिले म्हणजे रोगाचे सारे मर्म कातड्याच्या तुटीत आहे याविषयी संदेह उरत नाही.

प्रत्यक्ष परीक्षेत ०.९ पासून ०.१ पर्यंत उतरत्या तीव्रतेच्या द्रावणांच्या नळ्या मांडतात, प्रत्येकीत ५ मिलिलिटर द्रावण आणि त्यात रक्ताचा अगदी अल्प अंश, म्हणजे ०.०५ मिलिलिटर घालतात, अर्धा तास थांबतात, मग न फुटलेल्या पेशी यंत्रात फिरवून तळाशी बसवतात आणि वरच्या द्रवाचा तांबडेपणा मोजतात. आमच्या मुलीच्या रक्तात पहिली लाली ०.७० च्याच नळीत दिसू लागली आणि निम्म्या पेशी ०.५२ पाशी फुटल्या. शेजारी ठेवलेल्या निरोगी रक्ताच्या निम्म्या पेशी ०.४२ पर्यंत टिकून होत्या. असे शेजारी ठेवलेले निरोगी रक्त ही या परीक्षेची अपरिहार्य अट आहे. कारण चैत्र-वैशाखातील पुण्याच्या उन्हात रक्ताची कुपी दोन-तीन तास कोठे पडून राहिली तर चांगल्या पेशीही दुबळ्या होतात, आणि नमुना वाटेत बिघडला की रोगच तसा आहे, हे त्या शेजारच्या नळ्यांवाचून कळत नाही.

शिवाय ही परीक्षा दोन्ही बाजूंनी फसवू शकते. सौम्य विकारात ताज्या रक्ताचा निकाल बिनदोष येऊ शकतो, आणि म्हणून रक्त २४ तास ३७ अंशांवर उबवून परीक्षा पुन्हा करतात, ज्यायोगे दडलेला दुबळेपणा उघडा पडतो. रुग्णाला लोहाची कमतरताही असेल, आणि आपल्याकडे ती पुष्कळदा असते, तर पेशी चपट्या होऊन त्यांची सहनशक्ती वाढल्यासारखी भासते. उलट, शरीराने स्वतःच्याच पेशींविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार केली असता ज्या गोल पेशी निर्माण होतात, त्याही मिठाच्या पाण्यात लवकरच फुटतात. परंतु तेथे दोष आनुवंशिक नसतो आणि उपचारही सर्वस्वी भिन्न असतात, म्हणून कूम्ब्ज परीक्षा करून ती शक्यता आधी निकालात काढावी लागते. आजकाल याच्या जोडीला बँड-३ ला चिकटणारा, प्रकाशमान होणारा ‘ईएमए’ नावाचा रंग वापरतात; पेशीवर बँड-३ जितके कमी तितका प्रकाश मंद. मुंबईच्या परळ भागातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेतील संशोधकांनी या रंगाच्या परीक्षेचा आपला अनुभव २००३ साली प्रसिद्ध केला. तिला रक्त अल्प पुरते आणि निकाल काही तासांत मिळतो, हे तिचे विशेष होत.

पाणथरी न्याय कसा करते

येथपर्यंत आपण पेशीचा दोष पाहिला. परंतु विचारी वाचकाच्या मनात एक शंका आली असेल, आणि ती अगदी रास्त आहे. रक्तात मिठाची तीव्रता ०.६५ वर कधी येतच नाही. मग प्रयोगशाळेतील नळीत फुटणारी ही पेशी शरीरात का मोडावी?

याचे उत्तर पाणथरीच्या रचनेत आहे. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे विसावा हिस्सा या अवघ्या १५० ग्रॅम वजनाच्या इंद्रियातून जातो. त्यांतील बरेचसे रक्त सरळ मार्गाने पुढे निघून जाते, पण काही भाग भक्षक पेशींनी गजबजलेल्या, स्पंजासारख्या ऊतींत सोडला जातो, आणि तेथून पुन्हा शिरेकडे जाण्यासाठी प्रत्येक पेशीला सूक्ष्म शिरांच्या भिंतीतील फटींमधून स्वतःला ओढून न्यावे लागते. या फटींची रुंदी एक-दोन मायक्रॉनांच्या पलीकडे क्वचितच जाते. ८ मायक्रॉनची चकती त्यातून जाऊ शकते याचे एकमेव कारण तिचे जास्तीचे कातडे: ती लांबते, निमुळती होते, आणि पलीकडे पोहोचल्यावर पुन्हा पूर्ववत होते. शरीरातील दुसऱ्या कोणत्याही केशवाहिनीत पेशीची इतकी कठोर परीक्षा होत नाही. म्हाताऱ्या, ताठरलेल्या पेशींना हुडकून काढून त्यांना बरखास्त करणे हे पाणथरीचे रीतसर काम आहे, आणि ती ते आकार पाहून करते. पेशी वयाने म्हातारी झाली म्हणून ताठरली, की जन्मजात दोषाने, हा भेद तिच्या दरबारी नाही.

गोल पेशी या फटीपाशी अडते आणि आतल्या गर्दीत थांबून राहते. तेथे ग्लुकोज कमी, आम्लता जास्त, आणि भक्षक पेशींची दाटी, अशा परिस्थितीत तिच्या आवरणाचे आणखी तुकडे गळतात. काही पेशी भक्षकांच्या तावडीत तेथेच संपतात. काही कशाबशा सुटून रक्तात परततात, परंतु परतताना त्या पूर्वीपेक्षा अधिक गोल झालेल्या असतात, आणि म्हणून पुढच्या फेरीत अधिक सहज अडकतात. मुलीच्या रक्ताची पहिली लाली ०.७० च्या नळीत दिसली ती याच, पाणथरीचा एक फेरा भोगून आलेल्या पेशींची होती. दोष जन्मतः मिळतो, पण पाणथरीत तो दुणावतो; आणि पेशी पकडण्याच्या या अखंड श्रमाने पाणथरी स्वतःही वाढत जाते, त्यामुळे तिच्यात अडकून पडणाऱ्या रक्ताचा साठाही वाढतो.

पाणथरी काढल्याने रोग बरा होतो की केवळ त्याचे परिणाम टळतात, याचा निर्णायक दाखला वैद्यकाच्या इतिहासात अनपेक्षितपणे मिळालेला आहे. १८८७ साली इंग्लंडमधील प्रख्यात शल्यविशारद स्पेन्सर वेल्स यांनी पोटात गाठ असलेल्या एका तरुण स्त्रीवर शस्त्रक्रिया केली. गाठ गर्भाशयाची असावी असा त्यांचा कयास होता. पोट उघडल्यावर ती वाढलेली पाणथरी निघाली, आणि त्यांनी ती काढून टाकली. त्या स्त्रीला पूर्वी वारंवार कावीळ होत असे. ती त्यानंतर थांबली. पुढे सुमारे चाळीस वर्षांनी लॉर्ड डॉसन यांनी तिचे रक्त तपासले, तेव्हा तिच्या पेशी मिठाच्या पाण्यात अजूनही लवकरच फुटत होत्या, आणि तिच्या मुलालाही तोच विकार होता. म्हणजे चार दशके ती ज्या पेशींवर जगली त्या सदोषच होत्या. त्यांना अडवणारे इंद्रिय तेवढे उरले नव्हते.

शस्त्रक्रियेचा निर्णय आणि तिची किंमत

तरीदेखील निदान झाले म्हणजे पाणथरी काढलीच पाहिजे असे मुळीच नाही. आमच्या मुलीच्या वडिलांचे हिमोग्लोबिन १३ च्या वर आहे, कोवळ्या पेशींचे प्रमाण शेकडा ४ आहे, आणि त्यांना कोणताही त्रास नाही. त्यांच्याबाबतीत पाणथरीला हात लावण्याचे प्रयोजनच नाही. मुलीचे हिमोग्लोबिन ८ च्या आसपास रेंगाळते, तिची वाढ समवयस्कांच्या मागे पडली आहे, शाळा वारंवार बुडते आणि खड्यांची कळ सुरू झाली आहे. तिच्यासाठी शस्त्रक्रियेचा विचार न्याय्य ठरतो. तोवर वाढलेल्या रक्तोत्पादनाला पुरेल इतके फोलिक आम्ल तिला दररोज दिले जाते.

वयाची अट येथे सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तिच्यामागे एक दुःखद अनुभव आहे. १९५२ साली अमेरिकेतील किंग आणि शूमाकर या शल्यविशारदांनी, याच प्रकारच्या विकारासाठी अगदी तान्हेपणी पाणथरी काढलेल्या पाच बालकांना पुढे झालेल्या भयंकर जंतुसंसर्गाची हकीकत प्रसिद्ध केली. न्यूमोकोकससारखे जंतू शर्करेच्या कवचात दडलेले असतात; त्यांना रक्तातून टिपून काढणे आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्यांची तजवीज करणे हे पाणथरीचे दुसरे मोठे काम आहे, आणि लहान वयात त्याला दुसरा पर्याय नसतो. म्हणून शक्य तर शस्त्रक्रिया सहाव्या वर्षानंतरच करतात; न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस यांच्या प्रतिबंधक लसी शस्त्रक्रियेच्या निदान दोन आठवडे आधी पूर्ण करतात; आणि पुढे काही वर्षे नियमाने पेनिसिलिन देतात. काही ठिकाणी पाणथरीचा काहीच भाग काढून संरक्षण राखण्याचा प्रयत्न करतात. त्यात पेशींचे मोडणे पूर्णपणे थांबत नाही आणि उरलेला भाग कालांतराने वाढूही शकतो, परंतु अगदी लहान वयात नाइलाज झाला तर तो मार्ग विचारार्ह ठरतो.

आमच्या मुलीवर दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाली. पाणथरीबरोबर खडे असलेले पित्ताशयही काढले, आणि पोटात इतरत्र बोराएवढ्या उपपाणथऱ्या आहेत काय याचा कसून शोध घेतला. कारण अशी एखादी मागे राहिली तर ती पुढे वाढते आणि पेशी पकडण्याचे काम पुन्हा हाती घेते. काही आठवड्यांनी तिचे हिमोग्लोबिन १३ वर आले, कोवळ्या पेशी शेकडा २ वर उतरल्या, बिलिरुबिन १ च्या खाली गेले आणि डोळे प्रथमच पांढरेशुभ्र दिसू लागले. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली गोल पेशी पूर्वीइतक्याच होत्या. मिठाच्या पाण्याच्या परीक्षेत ०.७० च्या नळीतील लाली नाहीशी झाली, कारण पाणथरीने आणखी झिजवलेल्या पेशी आता उरल्या नव्हत्या. मात्र बाकीच्या पेशी निरोगी पेशींपेक्षा लवकरच फुटत राहिल्या. काही पेशींत केंद्रकाचा बारीक, गडद ठिपका दिसू लागला. कोवळ्या पेशीतील असे अवशेष एरवी पाणथरी वेचून काढत असते, म्हणून हा ठिपका दिसणे म्हणजे पाणथरी नसल्याची खूण होय. पुढे कधी हिमोग्लोबिन पुन्हा घसरू लागले आणि त्याच वेळी हे ठिपके दिसेनासे झाले, तर पोटात कोठेतरी एखादी उपपाणथरी वाढली आहे असा निष्कर्ष तपासणाऱ्याने काढावा.

पेशींच्या दोषाशी तडजोड झाली. त्या तडजोडीची कलमे मात्र जन्मभर पाळावयाची आहेत. पुण्यात ताप ही गोष्ट नित्याची असल्यामुळे ‘दोन दिवस वाट पाहू’ हे वाक्य घरोघरी सहज उच्चारले जाते. पाणथरी नसलेल्या माणसाच्या बाबतीत ते उच्चारू नये. ताप आणि हुडहुडी सुरू झाली की जवळ ठेवलेले प्रतिजैविक तत्काळ घ्यावे आणि त्याच दिवशी, शक्य तर त्याच प्रहरी रुग्णालय गाठावे, कारण न्यूमोकोकसचा संसर्ग अशा शरीरात काही तासांत हाताबाहेर जाऊ शकतो. हिवतापाच्या प्रदेशात जाताना प्रतिबंधक औषध घ्यावे. कुत्रा चावला तर रेबीजच्या लसीबरोबरच प्रतिजैविकाचीही आठवण डॉक्टरांना करून द्यावी, कारण कुत्र्याच्या लाळेतील एक जंतू पाणथरी नसलेल्यांना विशेष घातक ठरतो. आणि पाणथरी काढल्याची नोंद असलेले एक कार्ड सदैव जवळ बाळगावे. मुलीच्या आईवडिलांनी शस्त्रक्रियेची संमती देण्यापूर्वी ही कलमे वाचली पाहिजेत आणि ती समजून घेऊनच कागदावर सही केली पाहिजे. कारण पेशींचे आयुष्य वाढवणारी ही शस्त्रक्रिया काही तासांत आटोपते, पण तिच्या बदल्यात स्वीकारलेली सावधगिरी त्या मुलीला पुढे स्वतःच्या हिमतीवर निभावून न्यावयाची असते.